घातांक वजा करायचे की लॉग घ्यायचा? अवाढव्य आणि अतिसूक्ष्म राशींची तुलना करण्याचे दोन मार्ग

अकरावीच्या वहीत एक उत्तर मला दरवर्षी हमखास सापडतं. प्रश्न साधा असतो: प्रोटॉनचं वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानापेक्षा दहाच्या किती पायऱ्यांनी मोठं? मुलगा दोन्ही राशी नीट लिहितो. प्रोटॉन 1.673 × 10⁻²⁷ किलो, इलेक्ट्रॉन 9.109 × 10⁻³¹ किलो. मग −27 मधून −31 वजा करतो आणि 4 लिहून खाली दोन रेघा ओढतो. वजाबाकी बरोबर आहे, पण उत्तर चुकलं आहे. चार पायऱ्या म्हणजे दहा हजार पट. प्रत्यक्षात प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या 1,836 पट जड आहे, म्हणजे हजाराच्या जवळ.

अशा तुलनेसाठी हाताशी दोन मार्ग असतात. एक, राशी वैज्ञानिक संकेतनात लिहून घातांकांकडे बघायचं. दुसरा, दोन्ही राशींचा 10 पायाचा लॉग काढून वजाबाकी करायची. दोन्ही एकाच घरातले आहेत, तरी त्यांचं काम एक नाही. कुठे कोणता वापरायचा हे ठरवायचं असेल तर वरच्या चार आणि तीनच्या भांडणापासून सुरुवात केलेली बरी.

(पुस्तकात ‘परिमाणाची कोटी’ असा शब्द येतो. मी तो वर्गात टाळतो, कारण कोटी म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे सात शून्यं येतात. इथे ‘दहाच्या पायऱ्या’ म्हणू.)

वैज्ञानिक संकेतनात राशीचे दोन तुकडे होतात: 1 ते 10 च्या मधला दर्शनी आकडा आणि दहाचा घात. नुसते घातांक वजा केले की दर्शनी आकडे आपण फेकून देतो. इलेक्ट्रॉनचा दर्शनी आकडा 9.109 आहे, म्हणजे तो जवळजवळ पुढच्या पायरीवर, 10⁻³⁰ वर पोचलेला आहे. प्रोटॉनचा 1.673, म्हणजे त्याने आपली पायरी नुकतीच चढली आहे. खालचा वर सरकलेला आणि वरचा तिथेच, म्हणून मधलं अंतर चारापेक्षा बरंच कमी भरतं.

आता तेच लॉगने करून बघू. चार आकडी लॉग टेबलात 1.673 समोर 0.2235 मिळतात आणि 9.109 समोर 0.9595. घातांक मिळवले की प्रोटॉनचा लॉग −27 + 0.2235, म्हणजे −26.7765. इलेक्ट्रॉनचा −31 + 0.9595, म्हणजे −30.0405. वजाबाकी 3.2640. तीन पायऱ्या आणि वर थोडं. प्रतिलॉग बघितला तर 0.2640 ला 1.837 येतात, म्हणजे 1,837 पट. चार आकड्यांच्या टेबलातून इतकं जवळ पोचणं पुरेसं आहे.

या वजाबाकीत एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती कळली की मुलं सहसा पुन्हा चुकत नाहीत. लॉगमधला फरक म्हणजे घातांकांमधला फरक अधिक दर्शनी आकड्यांच्या लॉगमधला फरक. हा दुसरा भाग नेहमी −1 आणि +1 च्या मध्येच राहतो. म्हणजे नुसत्या घातांकांच्या वजाबाकीत जवळपास एका पायरीची, दहापटीची चूक दडू शकते. त्याहून जास्त नाही, पण कमीची खात्रीही नाही. चूक कोणत्या बाजूला आहे ते लगेच दिसतं: मोठ्या राशीचा दर्शनी आकडा लहान असेल तर खरं अंतर घातांकांच्या फरकापेक्षा कमी, आणि मोठा असेल तर जास्त.

पुस्तकातला मधला मार्गही इथेच तपासू. त्यात प्रत्येक राशी आधी जवळच्या पायरीवर नेऊन बसवतात आणि मग वजाबाकी करतात. पण ‘जवळची’ कशी ठरवायची याचे नियम दोन आहेत. एनसीईआरटीच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दर्शनी आकडा 5 पर्यंत असेल तर तो 1 धरतात, 5 च्या पुढे असेल तर 10. दुसरीकडे ही सीमा 10 च्या वर्गमुळावर, सुमारे 3.16 वर ठेवतात, कारण त्याचा लॉग बरोबर 0.5 असतो. पृथ्वीचा परिघ सुमारे 4 × 10⁷ मीटर. पहिल्या नियमाने तो सातव्या पायरीवर, दुसऱ्याने आठव्या. लॉग 7.60 येतो, म्हणून मला दुसरा नियम जास्त पटतो; परीक्षेत मात्र ज्या पुस्तकाची परीक्षा त्याचा नियम पाळावा. आणि नियम कोणताही घेतला तरी दोन राशी वेगवेगळ्या बसवल्या की दोन्हींकडची चूक एकत्र येते:

| जोडी | घातांकांची वजाबाकी | आधी पायरीवर बसवून | लॉगमधला फरक | खरी पट |
|---|---|---|---|---|
| प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन (वस्तुमान) | 4 | 3 | 3.26 | सुमारे 1,836 |
| सूर्य आणि पृथ्वी (वस्तुमान) | 6 | 5 | 5.52 | सुमारे 3,33,000 |
| पारसेक आणि प्रकाशवर्ष (लांबी) | 1 | 0 | 0.51 | 3.26 |

शेवटची ओळ बघा. पारसेक 3.086 × 10¹⁶ मीटर, प्रकाशवर्ष 9.46 × 10¹⁵ मीटर. घातांक म्हणतात एका पायरीचं अंतर, पायरीवर बसवून बघितलं तर दोन्ही एकाच पायरीवर. दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत, कारण अंतरच अर्ध्या पायरीचं आहे, आणि ते फक्त लॉग सांगतो. म्हणून तुलना करायची असेल तर माझा आग्रह असा की आधी लॉग वजा करा, आणि पूर्णांकात उत्तर हवंच असेल तर गोळाबेरीज शेवटी, एकदाच करा.

लॉगची बाजू एवढी घेतली म्हणून त्याचे धोकेही सांगायला हवेत. सगळ्यात जास्त घात करतो तो टेबलाच्या पद्धतीतला ‘बार’. इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाचा लॉग टेबलाच्या रीतीने ‘बार 31 पॉइंट 9595’ असा लिहितात. बार फक्त 31 वर असतो; पुढचा मँटिसा धनच राहतो. घाईत मुलं ते −31.9595 असं वाचतात. प्रोटॉनचंही तसंच −27.2235 केलं की फरक 4.7360 येतो आणि पट 54,000 च्या पुढे जाते. इथे वरची खूण उपयोगी पडते: मोठ्या राशीचा दर्शनी आकडा (1.673) लहान राशीच्या दर्शनी आकड्यापेक्षा (9.109) लहान आहे, म्हणजे उत्तर चार पायऱ्यांच्या आतच हवं. 4.7360 दिसलं की मागे फिरायचं. बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे ही सवय अंगी बाणवावीच लागते.

संगणकावर काम करणाऱ्यांची चूक वेगळी असते. स्प्रेडशीटमध्ये हे असं लिहायचं:

```
=LOG10(1.673E-27)-LOG10(9.109E-31)
```

उत्तर 3.264 येतं. पण पायथनमध्ये `math.log` नुसतं लिहिलं तर ते नैसर्गिक लॉग घेतं आणि फरक 7.5 च्या आसपास येतो. तिथे `math.log10` हवं. आणि कॅल्क्युलेटरवर 6.022 × 10²³ भरताना ‘6.022 गुणिले 10 EXP 23’ असं दाबलं तर राशी दहापट होते, कारण EXP मध्ये दहा आधीच आलेला असतो. ही एका पायरीची चूक पुढच्या सगळ्या गणितात शांतपणे सोबत चालते.

मग वैज्ञानिक संकेतन कुठे सरस? नोंद ठेवायला, सार्थ अंक दाखवायला आणि बेरीज-वजाबाकीला. 5.97 × 10²⁴ किलोच्या पृथ्वीत 7.35 × 10²² किलोचा चंद्र मिळवायचा तर घातांक सारखे करून 5.97 + 0.0735 करता येतं. लॉग मिळवले तर बेरीज होत नाही, गुणाकार होतो. शून्याला आणि ऋण राशीला तर लॉगच नाही. एककाचंही लक्षात ठेवावं: किलोचे ग्रॅम केले की प्रत्येक लॉग 3 ने वाढतो, फरक बदलत नाही, पण एक राशी किलोत आणि दुसरी ग्रॅममध्ये राहिली तर उत्तर तीन पायऱ्यांनी चुकतं.

आणि एक जागा अशी आहे जिथे राशी आपल्यापर्यंत लॉगच्या रूपातच येते. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचा, 26 जानेवारी 2001 चा भुजचा 7.7 धरू. ऐकायला फरक दीडचा. भूकंपातून लहरींवाटे बाहेर पडणारी ऊर्जा ज्यूलमध्ये काढायचं रूढ सूत्र असं:

```
log10(E) = 1.5 M + 4.8
```

किल्लारीसाठी 14.10 येतात, भुजसाठी 16.35. संकेतनात लिहायचं तर 1.26 × 10¹⁴ ज्यूल आणि 2.24 × 10¹⁶ ज्यूल. सव्वादोन पायऱ्या, म्हणजे सुमारे 178 पट. इथे घातांकांची वजाबाकी 2 सांगते, म्हणजे शंभर पट, आणि उरलेली पाव पायरी तिच्यातून निसटते. उलट बाजूने मर्यादाही इथेच दिसते. तीव्रतेच्या मोजणीत 0.1 चा फरक पडला तरी लॉगमध्ये 0.15 चा फरक पडतो आणि ऊर्जा 1.4 पटीने बदलते. म्हणून 178 मधल्या त्या शेवटच्या 8 ला काही अर्थ नाही. ‘दीडशे-दोनशे पट’ एवढंच लिहावं, आणि लॉग मात्र 2.25 असाच ठेवावा.

निवड करणाऱ्याने स्वतःला एवढंच विचारावं: मला राशी लिहायची आहे की दोन राशींमधलं अंतर सांगायचं आहे? प्रयोगवहीत मोजमाप नोंदवणारा, राशींची बेरीज करणारा, सार्थ अंक सांभाळणारा संकेतनातच राहू दे. ‘किती पायऱ्या’ हा प्रश्न आला, किंवा अणूपासून आकाशगंगेपर्यंतच्या लांब्या एकाच आलेखावर मांडायच्या असल्या, की लॉग घ्यावा. दर्शनी आकडे जवळपास सारखे असतील, समजा 2.1 आणि 2.4, तर लॉग काढत बसायची गरज नाही. घातांकांची वजाबाकी तिथे चालते, कारण त्यांच्या लॉगमधला फरक 0.06 च्या आत आहे. एक आकडा 9 च्या घरात आणि दुसरा 1 च्या घरात असेल तर मात्र टेबल उघडावंच.