‘अनेक देशांच्या मधाचं मिश्रण’ की एकाच देशाचा मध? लेबल वाचून ठरवायचं असेल तर

भुसावळ-फैजपूरकडच्या बऱ्याच घरांत आता कुणी ना कुणी जर्मनीत, इंग्लंडात किंवा दुबईला असतं, आणि सुट्टीला येताना मधाची एखादी बाटली घेऊन येतं. बाटली उलटी करून पाहिली की मागे बारीक अक्षरांत ‘युरोपीय संघातील व संघाबाहेरील मधांचं मिश्रण’ अशा अर्थाचं वाक्य दिसतं. इंग्लंडची असेल तर ‘एकाहून अधिक देशांच्या मधांचं मिश्रण’. ते वाचून घरातलं मोठं माणूस हमखास म्हणतं, “मिश्रण? म्हणजे भेसळच ना!”

तसं नाही. पण ते वाक्य निरागसही नाही. शेजारी किराणा दुकानातली ‘भारत’ लिहिलेली बाटली आणि धडगावकडून कुणी आणून दिलेला, दुसऱ्याच कशाच्या तरी बाटलीत भरलेला सातपुड्याचा मध ठेवला, तर तिघांतला फरक लेबलवरून किती कळतो ते पाहू.

मिश्रण करतात कशासाठी

मध बाजारात बाटलीने नाही, पिंपाने फिरतो. एका पिंपात साधारण तीनशे किलो. भरणाऱ्या कंपनीला वर्षभर एकाच रंगाची, एकाच चवीची आणि एकाच भावाची बाटली द्यायची असते. मधमाशीला ते बंधन नाही. मोहरीवरचा मध काढल्यावर थोड्याच दिवसांत दाट, पांढुरका होऊन थिजतो, कारण त्यात ग्लुकोजचं प्रमाण जास्त असतं. युरोपातला अकेशियाच्या फुलांचा मध महिनोन् महिने पातळ राहतो, पण महाग असतो. एखाद्या देशात त्या वर्षी पाऊस चुकला तर तिथली पिंपं कमी येतात. मग कंपनी स्वस्त-महाग, गडद-फिका, लवकर थिजणारा आणि न थिजणारा असे मध मोजून एकत्र करते. यात साखरेचा पाक नाही, पाणी नाही. मधात मध मिसळणं कायदेशीर आहे आणि चवीच्या दृष्टीनेही त्यात वाईट काही नाही.

खोट आहे ती लिहिण्याच्या पद्धतीत. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशाप्रमाणे मध जिथे काढला त्या देशाचं नाव लिहावंच लागतं, पण मध एकाहून अधिक देशांचा असेल तर नावांऐवजी तीनपैकी एक वाक्य चालतं : संघातील मधांचं मिश्रण, संघाबाहेरील मधांचं मिश्रण, किंवा दोन्हींचं. यातलं तिसरं वाक्य जरा थांबून वाचा. संघातले देश आणि संघाबाहेरचे देश मिळून पृथ्वीवर उरलं काय? वाक्य शंभर टक्के खरं, आणि माहिती शून्य.

एकच मध, दोन लेबलं

समजा एका बाटलीत युक्रेनचा मध ४२ टक्के, अर्जेंटिनाचा २८, हंगेरीचा १८ आणि व्हिएतनामचा १२ टक्के आहे. जुन्या पद्धतीत हिच्यावर ‘संघातील व संघाबाहेरील मधांचं मिश्रण’ येतं. वाचणाऱ्याला वाटतं, संघाचं नाव आधी आहे म्हणजे मुख्यतः युरोपचाच असावा, बाहेरचा थोडा घातला असेल. प्रत्यक्षात संघातला एकटा हंगेरी, तोही पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी. (युक्रेन युरोपात आहे, युरोपीय संघात नाही.) आता दुसऱ्या बाटलीत हंगेरीचा मध जेमतेम २ टक्के आणि बाकी सगळा व्हिएतनामचा असला, तरी वाक्य अगदी तेच. दोन्ही बाटल्या फळीवर शेजारी ठेवल्या तर लेबलवरून फरक सांगता येणार नाही. भावावरून फार तर अंदाज येईल.

म्हणून २०२४ मध्ये संघाने निर्देश बदलला. १४ जून २०२६ पासून लागू होणाऱ्या नियमानुसार मिश्रणातला प्रत्येक देश नावानिशी, जास्तीकडून कमीकडे आणि प्रत्येकाच्या टक्केवारीसह लिहायचा आहे, तोही मागच्या बारीक मजकुरात नाही तर पटकन नजर जाते त्या बाजूला. वरच्या बाटलीवर मग सरळ येईल : युक्रेन ४२, अर्जेंटिना २८, हंगेरी १८, व्हिएतनाम १२. त्या तारखेपूर्वी लेबल लावलेला किंवा बाजारात आलेला माल संपेपर्यंत विकता येतो, त्यामुळे जुनं वाक्य एकदम गायब होणार नाही.

नवं लेबल वाचतानाही तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे, प्रत्येक वाट्यात ५ टक्क्यांची सूट आहे, तेव्हा आकडा तंतोतंत धरू नका. दुसरी, देश चाराहून जास्त असतील आणि पहिल्या चारांचा वाटा मिळून निम्म्याहून जास्त भरत असेल, तर फक्त त्या चारांचे आकडे देण्याची मोकळीक सदस्य देश देऊ शकतात. बाकीच्यांची नावं क्रमाने येतात, आकड्यांविना. म्हणून सात देश आणि चारच आकडे दिसले तर ती छपाईची चूक नाही. हॉटेलात मिळणाऱ्या ३० ग्रॅमपेक्षा लहान डबीवर नावांऐवजी दोन अक्षरी खुणा चालतात : UA म्हणजे युक्रेन, AR म्हणजे अर्जेंटिना, IN म्हणजे आपण.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. हे आकडे कागदपत्रांवरून येतात, बाटलीतला मध तपासून नाही. कुठून किती पिंपं आली, कोणत्या खेपेत किती ओतली, त्याची ती नोंद आहे. परागकणांवरून मध कुठल्या भागातला हे तज्ज्ञांना बरंच ओळखता येतं, पण फार बारीक गाळलेल्या मधात परागच उरत नाहीत. देशाचं नाव आणि शुद्धता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच देशाचं नाव असलेल्या बाटलीत पाक असू शकतो आणि सहा देशांच्या मिश्रणात निव्वळ मध असू शकतो.

मग आपली ‘भारत’वाली बाटली?

इथे आपण जरा लवकर खूश होतो. आपल्याकडे आयात केलेल्या अन्नावर मूळ देश लिहिणं सक्तीचं आहे. पण देशातल्या देशात कुठला मध कुठल्या मधात मिसळला हे लिहायला कुणी भाग पाडत नाही. राजस्थानची मोहरी, बिहारची लिची, बंगालचं सुंदरबन या सगळ्यांचा मध एका टाकीत गेला तरी बाहेर पडताना तो ‘भारत’. अंतराच्या हिशेबाने पाहिलं तर हे हंगेरी-युक्रेनपेक्षा मोठं मिश्रण आहे. परदेशी बाटली ‘मिश्रण’ असं कबूल करते म्हणून वाईट ठरते आणि आपली गप्प राहते म्हणून चांगली, हा न्याय मला पटत नाही.

लेबलवरच्या बाकी खुणांनीही फसू नका. ८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे माल भारतातला, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. ८९० वरून एवढंच कळतं की तो क्रमांक बारकोड देणाऱ्या संस्थेच्या भारतीय शाखेकडून घेतलेला आहे. मध कुठलाही असू शकतो. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बाटली भरणाऱ्याचा पत्ता लावून देतो, माशीचा नाही. उपयोगाचा असतो तो बॅच क्रमांक. तक्रार करायची वेळ आली तर नेमकी खेप त्यावरूनच सापडते.

तिसरी बाटली सातपुड्यातली. तोरणमाळ, धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यातला आग्या मोहळाचा मध ओळखीच्या माणसाकडून आला असेल तर मूळ ठिकाण या तिघांत हिचंच सगळ्यांत पक्कं, आणि लेबल मात्र मुळीच नाही. तिची अडचण वेगळी आहे. आग्या मोहळाच्या मधात पाण्याचा अंश बऱ्याचदा जास्त असतो. आपल्याकडच्या मानकात तो २० टक्क्यांपर्यंतच चालतो, जंगलातला मध सहज त्याच्या वर जातो. असा मध उन्हाळा-पावसाळ्यात आंबतो. वर फेस येतो, झाकण उघडताना हवा सुटते, वास आंबूस लागतो. ती भेसळ नाही, पण मध बिघडला हे खरं. आणणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : पोळं कोणत्या महिन्यात काढलं आणि मध पिळून काढला की नुसता गळू दिला. पोळं हाताने पिळलं की अंडी-अळ्यांचा रसही मधात उतरतो आणि तो टिकत नाही.

मला विचाराल तर रोज सकाळी लिंबूपाण्यात घालायला मिश्रणाची बाटली पुरेशी आहे, फक्त देशांची नावं दिलेली असावी. नावं आणि आकडे असलेली आणि नसलेली अशा दोन बाटल्या जवळपास एका भावात मिळत असतील तर नसलेली घेण्याचं काही कारण नाही. चवीसाठी, भाकरीवर घेऊन खायला मध हवा असेल तर एकाच ठिकाणचा घ्यावा आणि तो थिजला म्हणून दुकानदाराशी भांडू नये.

फळांना हा हिशेब लावू नका

मध ओतून एकजीव होतो, फळ होत नाही. त्यामुळे ताज्या फळांच्या आंतरराष्ट्रीय प्रतवारीत नियम उलटा आहे : एका खोक्यात एकच जात, एकच प्रत आणि एकच मूळ देश. रावेरहून आखातात जाणाऱ्या केळीच्या खोक्यात इक्वेडोरची फणी मिसळता येत नाही. ‘संघातील व संघाबाहेरील फळांचं मिश्रण’ हे वाक्य युरोपात दिसलंच तर ते वेगवेगळ्या फळांच्या एकत्र पुड्यावर, म्हणजे द्राक्षं, किवी आणि सफरचंद एकाच डबीत असली तर. नुसत्या सफरचंदांच्या पिशवीवर ते दिसलं तर काहीतरी चुकलंय असं समजा.

जळगावच्या बाजारात जास्त भेटतं ते वेगळंच : किवीच्या डबीवर ‘चिली / इटली / न्यूझीलंड’ असे तीन देश. हे मिश्रण नव्हे. तिथे ‘आणि’ नसून ‘किंवा’ आहे. वेष्टन एकदाच छापून ठेवलेलं असतं आणि हंगाम बदलला की फळाचा देश बदलतो. चिली-न्यूझीलंडची किवी साधारण एप्रिल-मेमध्ये उतरते, इटलीची ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. खरा देश खेपेच्या शिक्क्यावर किंवा मूळ खोक्याच्या कडेला असतो, तो दुकानदाराला दाखवायला सांगा. डिसेंबरात चिलीची किवी दिसली तर ती निदान सहा महिने शीतगृहात राहिलेली आहे. इटलीची असेल तर नवी. भाव एकच असेल तर कोणती घ्यायची ते उघड आहे.

फळावर चिकटवलेला चार अंकी आकडाही देश सांगत नाही, फळाचा प्रकार सांगतो. ४०११ म्हणजे पिवळी केळी, मग ती इक्वेडोरची असो की सावद्याची. आणि खोक्यावरच्या ‘भारत’ या नावात जळगाव, बऱ्हाणपूर आणि सोलापूर तिन्ही मावतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये त्या मानांकनासह २२ टन केळी दुबईला गेली. दुबईतल्या भाच्याला आपल्याच तालुक्यातली केळी हवी असतील तर त्याने मूळ देशाची ओळ सोडून खोक्यावर ते मानांकनाचं चिन्ह आहे का ते पाहावं.