प्लास्टिकची कवटी: आठ महिने वापरल्यावर

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला असताना ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या कवटीला आता आठ महिने झाले. इन्फ्राटेम्पोरल फोसा शिकायला ती बरी आहे. टेरिगोपॅलाटाइन फोशासाठी मात्र तिने मला चक्क फसवलं.

आधी चांगलं सांगतो. खालचा जबडा निघतो, त्यामुळे इन्फ्राटेम्पोरल फोशाची बाहेरची भिंत, म्हणजे रॅमस, बाजूला करून आत बघता येतं. आतल्या बाजूला लॅटरल टेरिगॉइड प्लेट, पुढे मॅक्झिलाची मागची बाजू, वर स्फेनॉइडचा मोठा पंख. मी लाल लोकरीची मॅक्झिलरी आर्टरी केली. ती जबड्याच्या मानेच्या आतून निघते. तिथेच एक फाटा वर फोरामेन स्पायनोसमकडे (मिडल मेनिंजिअल), एक खाली जबड्याच्या भोकात (इन्फिरिअर अल्व्हिओलर). मधल्या भागाचे फाटे चावायच्या स्नायूंना. लॅटरल टेरिगॉइड स्नायू मातीचा केला, कारण धमनी त्याच्या बाहेरून जाते की आतून, हे माणसागणिक बदलतं. शेवटी लोकर टेरिगोमॅक्झिलरी फटीतून आत, टेरिगोपॅलाटाइन फोशात गेली आणि तिथेच अडली.

कारण आतली भोकं नुसती खोलगट खुणा आहेत, आरपार नाहीत. हे कळलं ते तोंडी परीक्षेच्या सरावात. मॅडमनी खरी कवटी आणि खराट्याचा हीर हातात दिला. म्हणाल्या, "रोटंडममधून घाल, कुठे निघतो सांग." मी "नाकात" म्हणालो. हीर फोसा ओलांडून सरळ पुढे, डोळ्याच्या खोबणीच्या तळाच्या फटीत निघाला. मॅक्झिलरी नर्व्हची हीच वाट, पुढे तीच इन्फ्राऑर्बिटल होते. नाकाची वाट आतल्या भिंतीतल्या स्फेनोपॅलाटाइन भोकातून जाते. धमनीचा शेवटचा फाटा त्यातूनच नाकात शिरतो, म्हणून नाकाच्या मागच्या भागातून रक्त थांबेना तर सर्जन तिथेच क्लिप लावतात. दुसरा हीर टाळूत, शेवटच्या दाढेजवळच्या भोकातून वर घातला, तोही फोशातच आला.

घरी येऊन तापवलेल्या सुईने रोटंडम आणि टाळूचं भोक पाडलं. स्फेनोपॅलाटाइनला सुई पोचेना. व्हिडियन कालवा रोटंडमच्या खाली, आतल्या अंगाला असतो. तिथे पाडायला गेलो तर दोन्ही भोकं एक झाली.

वरच्या दाढा बधिर करायच्या पीएसए ब्लॉकच्या सरावासाठी मात्र अजूनही हीच कवटी घेतो. सुईवर १६ मिमीवर खूण करून मॅक्झिलाच्या मागे वर, आत, मागे अशी टेकवून बघतो. त्यापुढे गेली तर टेरिगॉइड प्लेक्ससच्या शिरा लागतात आणि गाल बघता बघता सुजतो.

घ्यायची असेल तर आधी विक्रेत्याकडून रोटंडममधून तार आरपार गेल्याचा फोटो मागा. आणि जबड्याच्या स्प्रिंगा पाचव्या महिन्यात गेल्या, सध्या रबरबँडवर चालू आहे.