लेबलचा बिंदू कुठे ठेवायचा: सेंट्रॉइड, पॉइंट ऑन सरफेस की पोल?

व्हिएतनामच्या पॉलिगॉनचा सेंट्रॉइड काढा, तो शेजारच्या लाओसमध्ये पडतो. यात सॉफ्टवेअरची चूक नाही. देशाचा उत्तर भाग आणि दक्षिण टोक पश्चिमेकडे आहेत, मधली चिंचोळी कंबर समुद्राकडे वाकलेली आहे. सेंट्रॉइड म्हणजे सगळ्या क्षेत्रफळाची सरासरी जागा, आणि सरासरीला हद्दीशी देणंघेणं नसतं. बांगडीचा तोल मधल्या पोकळीत असतो, विळ्याचा पात्याबाहेर, तसंच हे. आकारात कुठेही खाच नसेल, म्हणजे आतले कोणतेही दोन बिंदू जोडणारी रेघ आतच राहत असेल, तर सेंट्रॉइड नक्की आत असतो. खाच आली की ती हमी संपली.

तिन्ही पर्याय एकाच आकारावर लावून बघू. 10 बाय 10 चा यू घ्या: डावा आणि उजवा हात प्रत्येकी 2 रुंद, 10 उंच, आणि दोघांना जोडणारी तळाची पट्टी 2 जाड. हातांचं क्षेत्रफळ 20 आणि 20, मधल्या पट्टीचं 12.

सेंट्रॉइडचा x सममितीमुळे 5. y साठी (20×5 + 20×5 + 12×1) ÷ 52, म्हणजे साधारण 4.08. पण x = 5 वर पॉलिगॉन फक्त y = 2 पर्यंतच आहे. बिंदू खाचेत लटकला.

`ST_PointOnSurface` आकाराच्या उंचीच्या मध्याजवळून एक आडवी रेघ मारतो, तिचे पॉलिगॉनच्या आतले तुकडे बघतो आणि सगळ्यात लांब तुकड्याचा मध्य देतो. रेघ शिरोबिंदूवर पडू नये म्हणून ती वरच्या आणि खालच्या जवळच्या शिरोबिंदूंच्या मधोमध धरली जाते; इथे y = 2 आणि 10 च्या मध्ये, म्हणजे 6 वर. दोन्ही तुकडे सारखेच, त्यामुळे उत्तर डाव्या हातात (1, 6). आत आहे, एवढंच. ही रेघ एकच असल्यामुळे वर-खाली किती जागा आहे हे तिला कळत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे हद्दीपासून सर्वांत दूरचा आतला बिंदू, अर्थात आत मावणाऱ्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचं केंद्र. पोस्टजीआयएसमध्ये `ST_MaximumInscribedCircle`, क्यूजीआयएसमध्ये `Pole of inaccessibility`. हातात मावणारं वर्तुळ 1 त्रिज्येचं, पण खालच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या मिळतात तिथे 1.17 त्रिज्येचं मावतं. म्हणून बिंदू जातो (1.17, 1.17) वर किंवा त्याच्या उजव्या जुळ्यावर. सर्वांत ऐसपैस जागा, पण आकाराच्या अगदी कडेला! व्हिएतनाममध्येही हा बिंदू उत्तरेच्या रुंद भागात जाईल, मध्याजवळ नाही.

मग निवड कशी करायची? गाव कोणत्या तालुक्यात येतं असा स्पेशियल जॉइन करायचा असेल तर सेंट्रॉइड वापरूच नका. तो शेजारच्या तालुक्यात पडला तर क्वेरी तक्रार न करता चुकीचं उत्तर देते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. तिथे पॉइंट ऑन सरफेस पुरेसा आणि स्वस्त. लेबल छापायचं असेल, विशेषतः खाडीकाठचे किंवा लांबट वळणदार आकार असतील, तर पोल घ्या. अक्षरं हद्दीला घासणार नाहीत याची शक्यता त्यातच जास्त. साधारण गोलसर तालुक्यांवर मात्र मला सेंट्रॉइडचंच लेबल डोळ्याला बरं दिसतं. म्हणून मी आधी बिघडलेले आकार शोधतो आणि तेवढ्यांवरच बदल करतो:

```sql
SELECT gid FROM taluka
WHERE NOT ST_Contains(geom, ST_Centroid(geom));
```

बेटांचे किंवा अनेक तुकड्यांचे पॉलिगॉन असतील तर आधी तुकडे सुटे करून क्षेत्रफळाने सर्वांत मोठा निवडा आणि लेबल त्यावर ठेवा. नाहीतर सेंट्रॉइड दोन बेटांमधल्या पाण्यात सापडेल.

पोलच्या बाबतीत जी चूक हमखास होते ती टॉलरन्सची. क्यूजीआयएसमध्ये हा आकडा मूळचा 1 असतो आणि तो लेयरच्या एककात मोजला जातो. लेयर अक्षांश-रेखांशात असेल तर 1 म्हणजे एक अंश, उत्तर-दक्षिण सुमारे 111 किलोमीटर. तालुक्यासाठी ही सूट इतकी मोठी की शोध सुरू होताच थांबतो आणि पहिला अंदाजच उत्तर म्हणून मिळतो. लेयर आधी मीटरच्या प्रक्षेपणात न्या: पुणे-नाशिककडे `EPSG:32643`, नागपूर-गडचिरोलीकडे `EPSG:32644`. मग टॉलरन्स 50 किंवा 100 मीटर ठेवा आणि आलेली त्रिज्या वाचा. ती तुमच्या नकाशाच्या मापावर अक्षरांच्या निम्म्या उंचीपेक्षाही कमी भरली, तर त्या आकारात लेबल मावणारच नाही. अशा वेळी नाव बाहेर लिहून आतल्या बिंदूपर्यंत रेघ ओढावी लागते.