आयपीएफ की सीओपीडी: लंग ट्रान्सप्लांटसाठी कधी पाठवायचं?

आयपीएफचं निदान झालं की लगेच रेफर करा, औषधाने काय फरक पडतो ते बघू म्हणत थांबू नका. समजा एफव्हीसी ७२ टक्के आहे, पेशंट बसल्यावर ठीक वाटतो पण सहा मिनिटं चालवलं की सॅच्युरेशन ८४ वर येतं, म्हणजे खरं तर उशीरच झालाय.

सीओपीडी हळू सरकतो, तिथे वजन, एफईव्ही१, दम आणि चालणं यावरून काढलेला बोड स्कोअर ५-६ आणि सोबत वारंवार अटॅक येत असतील तर पाठवायचं.

अ‍ॅक्टिव्ह टीबी, चालू सिगारेट, पसरलेला कॅन्सर असेल तर दोन्हीकडे नकारच. पण जुना टीबी, कोर्स पूर्ण, कल्चर निगेटिव्ह असा पेशंट बाद होत नाही, त्याला कृपया परस्पर नाही म्हणू नका.