पुस्तक उघडं की प्रसंग नवा?

परीक्षेतली कॉपी थांबवायला करार कायद्याच्या पेपरला पुस्तक उघडं ठेवू दिलं आणि ‘अल्पवयीन व्यक्तीचा करार स्पष्ट करा’ असं विचारलं, तर करार कोण करू शकतो हे सांगणारं कलम ११ सगळ्यांच्या उत्तरपत्रिकेत सारखंच उतरतं. कॉपी थांबत नाही, अधिकृत होते.

प्रसंग दिला तर? १७ वर्षांच्या मुलाने हप्त्यावर मोबाइल घेतला, १८ पूर्ण झाल्यावर ‘उरलेले पैसे देतो’ असं लिहून दिलं. दुकानदाराला वसुली करता येईल? नाही, करार मुळातच रद्दबातल, नंतरच्या संमतीने तो जिवंत होत नाही. शेजारच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नसंचात मोबाइलऐवजी औषधं ठेवा. औषधं ही गरजेची वस्तू, म्हणून आता कलम ६८ लागतं, मुलाच्या मालमत्तेतून पैसे मागता येतात. उत्तर उतरवणारा इथेच सापडतो.

मी प्रसंगाच्या बाजूने. पण पुस्तकही राहू द्यावं, नाहीतर पोरं कलमांचे आकडेच घोकत बसतात.