ओरल पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि मोबाइलमधली फोटो-कार्डं: सात महिन्यांनंतर

बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला जर्नलमधल्या गुलाबी-जांभळ्या आकृत्या मी हौसेने रंगवल्या. पण मायक्रोस्कोपखाली स्लाइड आली की त्या आकृतीसारखं काहीच दिसायचं नाही. म्हणून मॅडमची परवानगी घेऊन विभागातल्या स्लाइडचे मोबाइलवर फोटो काढले (लेबलवरचा नंबर येऊ दिला नाही) आणि अँकी अॅपमध्ये कार्डं केली. पुढे फोटो, मागे नाव आणि तीन ओळखीच्या खुणा. रोज रात्री वीस मिनिटं.

फोटो काढणं हीच मोठी कटकट आहे. मोबाइल आयपीसला टेकवला की मधे फक्त एक उजेडाचा ठिपका दिसतो. थोडा मागे घेतला की तोच ठिपका पसरून अख्खं गोल क्षेत्र दिसू लागतं. ते अंतर हातात टिकत नाही. मी जाड कागदाची सुरळी करून आयपीसवर चढवली, तेव्हा कुठे फोटो हलायचे थांबले.

पहिले दोन महिने मी स्वतःवर फार खूश होते. अमेलोब्लास्टोमा, फायब्रोमा, प्लिओमॉर्फिक अॅडेनोमा, सगळं दोन सेकंदांत. मग अंतर्गत परीक्षेत स्पॉटरला एक सिस्ट आली. दहाच्या ऑब्जेक्टिव्हवर मधोमध जाड एपिथेलियम, त्याचे लांब फाटे एकमेकांना जोडून कमानी झालेल्या, खाली कनेक्टिव्ह टिश्यूत दाहाच्या पेशींची गर्दी, वर केराटिन नाही. मी बिनधास्त 'रॅडिक्युलर सिस्ट' लिहून मोकळी झाले. स्लाइड ओडोन्टोजेनिक केराटोसिस्टची, म्हणजे आपल्या ओकेसीची होती.

परीक्षेनंतर सरांनी तीच स्लाइड लावली आणि काही न बोलता स्टेज सरकवत तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथे जेमतेम एका फील्डपुरतं मूळचं अस्तर शिल्लक होतं: सहा-सात थरांचं, सगळीकडे सारख्या जाडीचं, खालची कड सपाट, एकही फाटा नाही. तळाच्या पेशींची गडद केंद्रकं कुंपणाच्या खांबांसारखी ओळीत उभी. वरचं पॅराकेराटिन नालीदार पत्र्यासारखं वरखाली झालेलं, आणि चाळीसवर त्यात चपटी केंद्रकं दिसत होती. बाकीच्या भागात दाह झाला होता. दाह झाला की ओकेसीचं अस्तर जाड होतं, त्याला फाटे फुटतात, केराटिन जातं, आणि तेवढ्या भागापुरती ती अगदी रॅडिक्युलर सिस्टसारखी दिसते. पूर्वपरीक्षेआधी हे कळलं, हे नशीब.

घरी येऊन कार्डं पाहिली. ओकेसीचे माझ्याकडे चार फोटो, चारही एकाच स्लाइडचे, चारही त्यातल्या सर्वात देखण्या जागेचे. त्याहून लाजिरवाणं म्हणजे एका फोटोत सेक्शनला घडी पडली होती आणि मी ती घडी पाहून उत्तर देत होते! प्लिओमॉर्फिक अॅडेनोमाची स्लाइड फिकट रंगली होती, तर 'फिकट म्हणजे प्लिओमॉर्फिक' असं डोक्यात बसलेलं. म्हणजे मी आजार ओळखत नव्हते, विभागाचा स्लाइडचा डबा ओळखत होते.

तेव्हापासून दोन बदल केले. आता प्रत्येक आजाराचे फोटो शक्यतो दोन-तीन वेगळ्या स्लाइडचे आणि त्यात एक मुद्दाम बिघडलेल्या भागाचा. ओकेसीशेजारी रॅडिक्युलर, डेंटिजेरस आणि युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमा एकाच गठ्ठ्यात मिसळलेले. यातली ओकेसी आणि युनिसिस्टिक अमेलोब्लास्टोमाची जोडी खरी फसवी, कारण तळाच्या पेशी दोन्हीत ओळीत उभ्या असतात. अमेलोब्लास्टोमात त्यांची केंद्रकं तळाच्या पडद्यापासून दूर, वरच्या बाजूला सरकलेली असतात आणि त्यावरच्या पेशी विरळ, जाळीदार. ओकेसीत वरचे थर घट्ट आणि शेवटी केराटिन. हा फरक फोटोत दाखवायला चाळीसचंच ऑब्जेक्टिव्ह लागतं. दहाच्या फोटोवर मी अजूनही चुकते.

दुसरा बदल मायक्रोस्कोपवरचा. आधी चारचं ऑब्जेक्टिव्ह लावून तुकड्याची अख्खी कड एकदा फिरून यायची, मगच दहा. स्पॉटरला स्टेज हलवू देत नसतील तर हे चालत नाही, आमच्याकडे परीक्षकांवर अवलंबून असतं. हलवता येत नसेल तर मी आधी दिसणाऱ्या खुणा लिहिते आणि नाव शेवटी. नाव चुकलं तरी खुणांचे गुण हाती लागतात.

कार्डं चुकीची म्हणणार नाही. नावं आणि खुणा तोंडावर यायला याहून सोपं काही मला सापडलं नाही, आणि पैसेही लागले नाहीत (अँड्रॉइडवर; आयफोनवाल्या मैत्रिणीला अॅप विकत घ्यावं लागलं). पण आठवड्यातून दोनदा तरी प्रत्यक्ष मायक्रोस्कोपवर बसणं सुटलं की माझं काम बिघडतं, कारण फोटोत फोकस आणि जागा आधीच कुणीतरी निवडून दिलेली असते.

डिस्प्लेसियाची कार्डं मात्र मी काढून टाकली. एकाच फोटोला एका मॅडमनी सौम्य म्हटलं, दुसऱ्यांनी मध्यम. मागच्या बाजूला काय लिहायचं?