हलंत निसटतो तेव्हा: मेम्ब्रेन, सिझर की मेकॅनिकल कीबोर्ड?

मी नाशिकला जुन्या सीबीएसजवळ प्रतिज्ञापत्रं, अर्ज, करारनामे टाइप करून देतो. सगळं इन्स्क्रिप्ट या देवनागरी की-मांडणीत. इन्स्क्रिप्टवाल्यांना सांगायला नको, पण `d` या कीवर हलंत बसतो आणि बहुतेक जोडाक्षरांना ती दाबावीच लागते. 'पत्र' लिहायचं तर `h l d j`. त्यातला `d` निसटला की 'पतर'. गेल्या पावसाळ्यात एका प्रतिज्ञापत्रात मी 'मृत्युपत्र'चं 'मृत्युपतर' केलं, आणि ते वकिलांनी पकडलं. कीबोर्ड बदलायचं तेव्हाच ठरलं.

तो कीबोर्ड मेम्ब्रेनचा होता. उघडलात तर आत प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे दिसतील. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वाहक रेघा असतात, मधल्याला प्रत्येक कीखाली भोक असतं. वर रबराची घुमटी. की दाबली की घुमटी आधी विरोध करते, मग एकदम बसते, आणि तिच्या पोटातला खुंट वरचा पापुद्रा भोकातून खालच्याला टेकवतो. म्हणजे अक्षर उमटतं ते जवळजवळ तळाला गेल्यावरच. बोटाला 'बसली' असं कळतं ते मात्र थोडं आधी. रबर नवं असताना या दोन्हींतलं अंतर जाणवत नाही. ते जुनं होऊन कडक झालं की बोट म्हणतं दाबली आणि कीबोर्ड म्हणतो नाही. `d` ही माझी खूप वापरातली की, त्यामुळे तीच आधी गेली. हलक्या हाताने भरभर टाइप करणाऱ्याला हा त्रास जास्त, ठोकून टाइप करणाऱ्याला कदाचित कधीच होणार नाही.

मग काही दिवस लॅपटॉपवर काम केलं. त्यातही पापुद्रे आणि घुमटीच असते, फक्त घुमटी बुटकी आणि की दीड मिलिमीटरच्या आसपास खाली जाणारी. साध्या कीबोर्डची की साडेतीन-चार मिलिमीटर जाते. हा फरक निव्वळ बारीक दिसण्याच्या हौसेपोटी नाही. साध्या कीबोर्डच्या कीखाली लांब दांडा असतो आणि तो नळीत सरकतो, म्हणून कोपऱ्यावर दाबली तरी की सरळ खाली जाते. लॅपटॉपमध्ये कीखाली मदरबोर्ड आणि बॅटरी, वर मिटलेला स्क्रीन, मग लांब दांडा ठेवायचा कुठे? दांडा आखूड केला तर की तिरकी होऊन अडकते. म्हणून दांडा काढून कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले दोन प्लास्टिकचे हात बसवले. एक कोपरा दाबला की हे हात बाकीचे कोपरेही सोबत खाली ओढतात. सिझर नाव त्यावरूनच पडलं.

खरं सांगायचं तर माझा हलंत लॅपटॉपवर कमी निसटला. अंतरच एवढं कमी की अर्धवट दाबायला वाव नाही. पण तळ लगेच लागतो, आणि दिवसभर बोटांची टोकं जणू पाटावर आपटत राहतात. संध्याकाळी मधलं बोट ठणकायचं. त्यात एकदा कीखाली बिस्किटाचा चुरा गेला. तो काढताना कात्रीच्या हाताचा इवलासा आकडा तुटला आणि की कायमची डुगडुगू लागली.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कीला स्वतःचा स्विच, त्यात स्प्रिंग आणि धातूच्या पात्या. चेरी कंपनीच्या एमएक्स जातीचा नेहमीचा स्विच चार मिलिमीटर जातो, पण अक्षर दोन मिलिमीटरवरच उमटतं. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे. अर्ध्या वाटेवर काम झालेलं असतं, पुढचं अंतर बोटाला थांबायला मोकळं. टोपीसकट या स्विचची उंची दीड सेंटीमीटरच्या वर जाते, म्हणून तो नेहमीच्या लॅपटॉपमध्ये मावत नाही.

या स्विचचे प्रकार रंगांवरून ओळखतात, आणि रंग निवडताना मीही चुकलो. आधी लाल घेतला. त्याची स्प्रिंग हलकी आणि वाटेत कुठे खटका नाही, त्यामुळे नुसतं बोट टेकलं तरी नको तिथे हलंत पडायचा. निळा मुद्दाम टिक्-टिक् वाजतो, समोर पक्षकार बसलेला असताना ते बरं वाटेना. आता तपकिरी आहे. वाटेत बारीकसा उंचवटा लागतो आणि अक्षर त्याच सुमाराला उमटतं. आवाज मेम्ब्रेनपेक्षा जास्तच आहे, नाही म्हणणार नाही. उंचीमुळे मनगटाखाली मी घडी केलेला पंचा ठेवतो.

दिवसाकाठी दोन-चार मेलच लिहीत असाल तर एवढा खर्च कशाला, चांगला मेम्ब्रेन पुरे. रात्री घरात कुणी झोपलेलं असताना काम असेल तर सिझर. एरवी एमजी रोडवर दुकानात गेलात की नोटपॅड उघडायला लावा आणि एक की अगदी सावकाश दाबा. बोटाला खटका कळला आणि अक्षर अजून आलं नसेल, तर तो कीबोर्ड मी तरी घेणार नाही. दुसऱ्यांदा दाबाल तेव्हा कीचा कोपरा दाबा, ती तिरकी होऊन अडकते का ते कळेल.